'आयॅम गुड': ठीक, नको की हो?

मेघना: एका मालिकेची उपशीर्षकं करतेय. व्हिडिओ नाही, नुसती एक्सेल फाइल आहे, आणि ओळी पात्रांप्रमाणे लावलेल्या. एका बाईच्या तोंडी 'आयॅम गुड' ३ वेळा आहे. पहिल्यांदा 'मी ठीक आहे' लिहिलं, तर ट्रान्सलेशन मेमरीने बाकीच्या २ जागाही तशाच भरून टाकल्या. चालेल का?

श्रीरंग: चालेल की. मूळ शब्द तेच, तर भाषांतरही तेच हवं. फार तर 'मी बरी आहे' करा.

अरुंधती: शब्द तेच असले तरी समोरच्याने काय विचारलं ते बघायला हवं. टाइमकोड असतील तर सगळ्या ओळी वेळेप्रमाणे लावा आणि प्रत्येकीच्या आधीची ओळ इथे सांगा.

मेघना: लावल्या. पहिलीच्या आधी वेटर विचारतो, आणखी कॉफी? दुसरीच्या आधी 'अगं, जपून!' अशी मैत्रिणीची हाक आणि मग 'यू ओके?'. तिसरीच्या आधी भावाचं नुसतं 'यू गुड?'.

अरुंधती: म्हणजे पहिली ओळ सरळ चुकलीय. तिथे 'नको, पुरे' हवं. 'मी ठीक आहे' म्हटलं तर कॉफी हवी की नको ते कळतच नाही, वेटरला तब्येत सांगितल्यासारखं होतं. दुसरीत बाई बहुतेक अडखळली किंवा पडली. आपण अशा वेळी म्हणतो, 'काही नाही झालं' किंवा 'लागलं नाही'. 'मी बरी आहे' हे आजारातून उठलेल्या माणसाचं बोलणं.

वसंतकाका: माझा मुलगा डेट्रॉइटला असतो. कसा आहेस विचारलं की 'फाइन' एवढंच म्हणतो. हिला वाटतं, रागावलाय.

अरुंधती: काका, त्या प्रश्नाला 'फाइन' म्हणजे 'मजेत' किंवा 'बरं चाललंय'. काळजी नको. वादात नुसतं 'फाइन' आलं, तर मात्र 'बरं, कर तुला हवं ते'. आपलं 'बरं'ही तसंच की. निरोप घेताना एक, हार मानताना दुसरं.

श्रीरंग: पण बोलणारा कोण हेच माहीत नसेल तर? बरा की बरी? तिथे 'ठीक' सोयीचं पडतं.

अरुंधती: ते खरं, 'ठीक'ला लिंग लागत नाही. फक्त मराठीत 'ठीक आहे' जरा उतरत्या सुरात ऐकू येतं, म्हणजे फार चांगलं नाही. खुशीत असलेल्या पात्राच्या तोंडी ते नको.

मेघना: तिसऱ्याचं काय करू? त्याआधीच्या ओळीत गाडी सुरू करण्याबद्दल आहे, पण दोन पानं मागे भावा-बहिणीचं भांडण आहे.

अरुंधती: मग तो 'निघू या?' विचारतोय की 'सावरलीस का?', हे चेहरा बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. निघायचं असेल तर 'हो, चल'. मन सावरल्याचं असेल तर 'आहे मी ठीक', आणि तिथे तो उतरता सूर उलट हवाच.

मेघना: त्या दृश्याची क्लिप मागितलीय. तोवर नुसतं 'हो' ठेवते आणि मेमरीचं आपोआप भरणं बंद करते.