मदत हवी आहे: फर्निश्ड फ्लॅटच्या करारात कूलर-गिझर दुरुस्तीचं कलम

तालुक्याच्या गावचा वन बीएचके, ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, त्यात ६ महिने लॉक-इन. यादीत प्रत्येक वस्तूचा मेक, सिरीयल नंबर, आजची अवस्था आणि फोटो आहेत. ताबा देताना वीजमीटरचं रीडिंगही दोघांच्या सह्यांनी नोंदवायचं. अडलं ते दुरुस्तीत.

क्षाराच्या पाण्यानं कूलरचा पंप जाम होऊन बंद पडतो, आणि टाकी कोरडी ठेवून चालवला तरी जळतो. पहिल्यात दोष पाण्याचा, दुसऱ्यात वापरणाऱ्याचा. मेकॅनिकच्या बिलावर मात्र दोन्हीकडे ‘पंप बदलला’ एवढंच! म्हणून मसुदा असा: वाळ्याच्या ताट्या, टाकीची सफाई आणि ५०० रुपयांपर्यंतची दुरुस्ती भाडेकरूकडे, त्यावरचं काम, फॅनची मोटर, गिझरची कॉईल नि वायरिंग मालकाकडे, निष्काळजीपणा मेकॅनिकनं लेखी दिला तर पूर्ण खर्च भाडेकरूचा.

५०० ची मर्यादा दर दुरुस्तीला धरावी की संपूर्ण मुदतीला? ७०० चा पंप आला तर वरचे २०० मालकानं द्यायचे की पूर्ण ७००? आणि कळवून ७ दिवसांत मालकानं काम केलं नाही, तर भाड्यातून वजावट एवढंच लिहावं की लॉक-इनमधूनही सूट द्यावी? कोणी असं कलम वापरलं असेल तर नेमके शब्द टाका.