एचआरएचा हिशोब: मुलुंडचे चार महिने, ठाण्याचे सात

*ठाण्यातल्या सोसायटीचा ग्रुप, जानेवारी २०२६, रविवार सकाळ*

सायली (बी-४०२): साठे काका, तुम्ही आहात का ग्रुपवर? ऑफिसने भाड्याच्या पावत्या शुक्रवारपर्यंत मागितल्या आहेत. मी वर्षाचं एकूण भाडं, एकूण बेसिक असं धरून एचआरएची सूट काढली तर ३,०२,००० येते. ऑफिसच्या पगारपत्रकात ३,०८,००० दिसते. दोन्हींपैकी बरोबर कोणतं?

साठे काका (सी-७०४): आहे गं. दोन्ही चुकीचे असण्याची शक्यता जास्त आहे. तू एप्रिलमध्ये आपल्या सोसायटीत नव्हतीस ना?

सायली: नाही. एप्रिल ते जुलै मुलुंडला होते, भाडं ३२,०००. ऑगस्टमध्ये इथला फ्लॅट रंगवायचा होता म्हणून महिनाभर डोंबिवलीला सासरी राहिलो, तिथे भाडं नाही. १ सप्टेंबरपासून इथे, ३६,०००. शिवाय ऑक्टोबरमध्ये पगार वाढला. आधी बेसिक ६०,००० आणि एचआरए ३०,०००, आता ७०,००० आणि ३५,०००. महागाई भत्ता नाही.

साठे काका: मग तुझ्या वर्षाचे चार तुकडे पडतात. बेसिक, एचआरए, भाडं आणि घराचं गाव यांपैकी एक जरी बदललं तरी तिथे रेघ मारायची आणि नवा हिशोब धरायचा. बारा महिन्यांची एकच मोट बांधलीस की एका महिन्याची उणीव दुसऱ्या महिन्यात भरून निघते, आणि ते नियमाला मान्य नाही.

तीन आकडे काढायचे. एक, मिळालेला एचआरए. दोन, भरलेल्या भाड्यातून बेसिकचे १० टक्के वजा. तीन, घर मुंबई, दिल्ली, कोलकाता किंवा चेन्नईत असेल तर बेसिकचे ५० टक्के, इतरत्र ४० टक्के. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा तेवढी सूट, उरलेला एचआरए करपात्र. नियम २अ मध्ये एवढंच आहे.

सायली: ५० टक्केच धरलेत मी. ऑफिस वांद्र्याला आहे.

साठे काका: इथेच बहुतेकांचं चुकतं! ऑफिस कुठे आहे याला काही अर्थ नाही. ज्या घराचं भाडं भरतेस ते घर कुठे आहे ते बघायचं. मुलुंड मुंबई महापालिकेत आहे, म्हणून ५० टक्के. चेकनाका ओलांडलास की ठाणे, आणि ठाणे या चार शहरांत नाही. तुझ्या ऑफिसने मुंबईची शाखा म्हणून सगळं वर्ष ५० टक्के लावलं असणार. पत्ता बदलल्याचं त्यांना कळवलं होतंस का?

सायली: पगाराच्या पोर्टलवर भाड्याचा आकडा बदलला. शहराच्या रकान्यात मुंबईच राहिलं असेल. आत्ता बघते.

नीता वहिनी (ए-१०१): म्हणजे नवी मुंबई, कल्याण, वसई सगळीकडे ४० टक्केच?

साठे काका: हो वहिनी, आणि २०२५-२६ या वर्षासाठी पुण्यालाही ४० टक्केच. नावात मुंबई असून चालत नाही.

सायली: बघितलं काका. शहर मुंबईच होतं 😔

साठे काका: बरं झालं आत्ता दिसलं. आता एकेक तुकडा घे.

एप्रिल ते जुलै, मुलुंड. एचआरए ३०,०००. भाडं ३२,००० मधून बेसिकचे १० टक्के म्हणजे ६,००० गेले, राहिले २६,०००. बेसिकचे ५० टक्के ३०,०००. लहान आकडा २६,०००. चार महिन्यांचे १,०४,०००.

ऑगस्ट. एचआरए मिळाला ३०,०००, पण भाडं शून्य. भाडंच नाही तर सूटही शून्य, पूर्ण ३०,००० करपात्र.

सप्टेंबर, ठाणे. एचआरए ३०,०००. भाडं ३६,००० वजा ६,००० म्हणजे ३०,०००. बेसिकचे ४० टक्के २४,०००. लहान आकडा २४,०००.

ऑक्टोबर ते मार्च. एचआरए ३५,०००. भाडं ३६,००० वजा ७,००० म्हणजे २९,०००. ७०,०००चे ४० टक्के २८,०००. लहान आकडा २८,०००, सहा महिन्यांचे १,६८,०००.

बेरीज २,९६,०००. वर्षभरात तुला एचआरए मिळणार ३,९०,०००, म्हणजे करपात्र ९४,०००.

सायली: मग ऑफिसचे ३,०८,००० आले कुठून?

साठे काका: त्यांनी महिन्यांचे तुकडे बरोबर केले, ऑगस्टही शून्य धरला, फक्त ठाण्याला ५० टक्के लावले. त्यामुळे सप्टेंबरला २४,००० ऐवजी ३०,००० झाले, आणि पुढच्या सहा महिन्यांत प्रत्येकी २८,००० ऐवजी २९,०००. सहा अधिक सहा, बारा हजार जास्त. तुझ्या ३,०२,००० मध्ये गडबड वेगळी आहे. वर्षाच्या एकूण भाड्यातून वर्षाच्या बेसिकचे १० टक्के वजा केलेस, त्यात ऑगस्टचे ६,००० दुसऱ्या महिन्यांच्या भाड्यातून कापले गेले. दुसरीकडे ठाण्याची ४० टक्क्यांची मर्यादा एकूण आकड्यात दिसेनाशीच झाली. एक चूक तुझ्या विरुद्ध, एक तुझ्या बाजूची, म्हणून उत्तर जवळपास आलं. जवळ आलं म्हणून बरोबर समजू नकोस.

रोहन (बी-६०३): काका, ऑगस्टची पावती घरमालकाने दिली तर? फ्लॅट सायलीच्या ताब्यात होता ना?

साठे काका: करार १ सप्टेंबरपासून आहे, बँकेतून ऑगस्टचं भाडं गेलेलं नाही. अशी पावती घेणं म्हणजे खोटा कागद करणं. मी चाळीस वर्षं हिशोबाच्या कामात काढली, कोणालाही हे करू देणार नाही. नोटीस आली तर पहिल्यांदा बँकेचा उतारा मागतात, आणि तो पावतीशी जुळला नाही की खऱ्या महिन्यांवरही संशय येतो.

सायली: नको रे रोहन, ऑगस्ट सोडून द्यायचाच आहे. काका, इथला मेंटेनन्सही मीच भरते, महिन्याला ४,५००. तो भाड्यात धरता येईल का? आणि डिपॉझिट?

साठे काका: डिपॉझिट परत मिळणार आहे, ते भाडं नाही. दलालीही नाही. मेंटेनन्स तू वेगळा सोसायटीला भरतेस, त्यामुळे तोही धरू नकोस. करारात जी भाड्याची रक्कम लिहिली आहे आणि जी मालकाच्या खात्यात जाते तीच धरायची. तसंही सप्टेंबरपासून तुला अडवतेय ४० टक्क्यांची मर्यादा. भाड्यात आणखी ४,५०० घातले तरी २८,०००चे २८,०००च राहतील.

देशमुख सर (ए-५०४): साठेसाहेब, माझ्या मुलाचं विचारतो. सरकारी शाळेत आहे, नाशिकला भाड्याने राहतो. बेसिक ५०,०००, भाडं १४,०००, एचआरए १५,०००. १४,००० वजा ५,००० म्हणजे ९,००० सूट, बरोबर?

साठे काका: सर, त्याला महागाई भत्ता असणार, आणि तो निवृत्तीच्या लाभांत धरला जातो. म्हणून तो बेसिकमध्ये मिळवायचा. किती आहे?

देशमुख सर: २७,५००.

साठे काका: मग आधार ७७,५००. त्याचे १० टक्के ७,७५०. १४,००० मधून गेले की ६,२५०. सूट एवढीच, ९,००० नाही. खासगीत स्पेशल अलाउन्स, बोनस असतात, ते मात्र या आधारात येत नाहीत.

देशमुख सर: असं आहे होय. त्याला आजच कळवतो.

नीता वहिनी: आमच्या अमोघने सासऱ्यांच्या फ्लॅटमध्ये राहून त्यांना भाडं दिलं तर चालेल ना? फ्लॅट पूर्ण त्यांच्या नावावर आहे.

साठे काका: चालेल, पण भाडं खरोखर दरमहा त्यांच्या खात्यात जायला हवं, आणि त्यांनी ते आपल्या रिटर्नमध्ये उत्पन्न म्हणून दाखवायला हवं. त्यांना त्यातून नगरपालिका कर आणि उरलेल्याच्या ३० टक्के वजावट मिळते. अमोघचं नाव मालकीत असेल तर मात्र विषय संपला. करार लेखी करून ठेवा.

सायली: काका, कागद काय काय जोडू?

साठे काका: दोन्ही घरांचे लीव्ह अँड लायसन्स करार, अकरा महिन्यांच्या पावत्या आणि भाडं गेल्याचे बँकेचे उतारे. फेब्रुवारी-मार्चच्या पावत्या अजून नसतील, त्या नंतर देईन असं ऑफिसला कळव. पावतीवर महिना, रक्कम, घराचा पत्ता, मालकाचं नाव, सही आणि पॅन. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर गेलं की मालकाचा पॅन लागतोच, आणि तुझ्या बाबतीत दोन्ही मालकांचा लागेल. मुलुंडला १,२८,००० झाले, इथे मार्चपर्यंत २,५२,००० होतील. फॉर्म १२बीबीमध्ये दोन्ही मालक वेगवेगळे लिही.

रोहन: आणि घरमालक पॅन द्यायला तयार नसेल तर? माझा तसाच आहे.

साठे काका: तर ऑफिस सूट देणार नाही. करार करतानाच पॅन मागायचा, नंतर मागितला की लोक टाळतात. तू त्यांना सांग की पॅन न दिल्याने भाडं लपत नाही, बँकेतून जातंच आहे. तुझं भाडं ५०,०००च्या वर तर नाही ना? तसं असेल तर तुला २ टक्के टीडीएसही कापावा लागेल.

रोहन: नाही, २९,००० आहे.

सायली: शेवटचं विचारते. ही सूट जुन्या कररचनेतच मिळते ना? ऑफिसमध्ये सगळे म्हणतात नवीनच घे.

साठे काका: बरोबर, नव्या रचनेत एचआरएची सूट नाही. तुझा एकूण पगार किती, आणि आणखी काय काय वजावटी आहेत?

सायली: साधारण १६ लाख. नाशिकच्या फ्लॅटमध्ये आई-बाबा राहतात, त्याच्या कर्जाचं व्याज २ लाखांच्या वर जातं. पीएफ-पीपीएफ मिळून दीड लाख. आरोग्य विमा २५,०००.

साठे काका: थांब, कागद घेऊन करतो.

जुन्यात १६ लाखांतून ५०,००० प्रमाणित वजावट, व्यवसाय कराचे २,५००, एचआरए २,९६,०००, व्याजाचे २ लाख, दीड लाख आणि विम्याचे २५,००० गेले की उरतात ८,७६,५००. त्यावर सेस धरून कर ९१,३१२. नव्यात फक्त ७५,००० वजा, त्यामुळे १५,२५,००० वर सेससह १,१३,१००. जुनी रचना तुला २१,७८८ रुपयांनी फायद्याची आहे. पण ते नाशिकच्या व्याजामुळे. ते नसतं तर जुन्यात १,४०,८६८ झाला असता आणि मी तुला नवीच घे म्हटलं असतं. रोहन, तुझंही असंच मांडून बघ, नुसता एचआरए आहे म्हणून जुनी धरू नकोस.

सायली: आणि ऑफिसने आत्ता दुरुस्त केलं नाही तर?

साठे काका: मग फॉर्म १६ मध्ये ३,०८,००० येईल. तू रिटर्नमध्ये २,९६,०००च लिहायचे. १२,००० रुपयांवर तुझ्या २० टक्क्यांच्या टप्प्यात सेससह २,४९६ रुपये कर जास्त होईल, तो भरून टाकायचा. उलट ऑफिसने सूट कमी दिली असती तरी कागद असतील तर रिटर्नमध्ये पूर्ण सूट मागता आली असती. म्हणून हे कागद ऑफिसला दिले तरी प्रती आपल्याकडे ठेव.

सायली: पोर्टलवर शहर बदललं काका. सप्टेंबरपासून ठाणे केलं, सूट २,९६,००० दाखवतंय. मुलुंडच्या काकूंकडे जुलैची पावती राहिली होती, संध्याकाळी घेऊन येते.

साठे काका: आणताना त्यावर पॅन लिहिलाय का ते तिथेच बघ.