ड्रायव्हरला कामावरून कमी करायचंय: मुदत किती, हिशेब कसा आणि खोलीचं काय?

पर्वरीकर
आमच्याकडे सहा वर्षं एक ड्रायव्हर आहेत. पगार १८,०००, रोख. माझ्या यजमानांची नोकरी फेब्रुवारीअखेर संपते, मग रोज गाडी काढायचं कारण उरत नाही. चवथीला त्यांनी २०,००० उचल घेतली होती, त्यातले १२,००० फिटायचे आहेत. उलट नोव्हेंबर-डिसेंबरात घरी पाहुणे होते तेव्हा ते पाच रविवार आले, त्याचे पैसे आम्ही दिलेले नाहीत. बायको-मुलासह आमच्या आवारातल्या खोलीत राहतात. आमचा मुलगा म्हणतो, एक पगार हातावर ठेवा आणि उद्यापासून बंद करा. किती मुदत द्यावी? उचल कापावी का?

म्हापशेकर
मुलाचं बरोबर आहे. एकदा सांगितलं की माणसाचं मन कामात राहत नाही, आणि तुमची किल्ली त्याच्याच खिशात. माझ्या दुकानाच्या ड्रायव्हरला मी महिन्याची मुदत दिली, तर त्या महिन्यात पेट्रोल दीडपट लागलं. पगार द्या, किल्ली घ्या, उचल पुरती कापा. घरच्या नोकराला नोटीस द्या असं कायदा कुठे म्हणतो?

चक्रधर
मी स्वतः चौदा वर्षं घरची गाडी चालवतो, आता दोनापावल्याला आहे. पात्रांव, पेट्रोलचं सोडा, दुसरी बाजू ऐका. नवीन साहेब कामावर घेताना जुन्या घरी फोन करतो आणि पहिलं विचारतो, "अजून तुमच्याकडेच आहे ना?" रातोरात काढलेल्या ड्रायव्हरबद्दल लोक एकच धरून चालतात, की गाडीत किंवा घरात काहीतरी केलं असणार. त्यामुळे आगाऊ पगार आणि मुदत या सारख्या गोष्टी नव्हेत. कामावर असतानाच काम मिळतं. महिना द्या आणि त्यात मुलाखतीला जायला दोन-तीन सकाळी मोकळ्या द्या.

फोंड्याची सून
पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी सक्तीची आहे. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार. नाही दिली तर तो लेबर ऑफिसात जाईल आणि दंडासकट भराल.

जुना कारकून
बरीच वर्षं वकिलाच्या ऑफिसात कागद केले, त्यावरून सांगतो. सूनबाई, पाच वर्षं आणि पंधरा दिवस बरोबर, पण ग्रॅच्युइटीचा कायदा दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या जागांना लागतो. एका ड्रायव्हरच्या घराला नाही. म्हापशेकर, तुमचंही अर्धंच खरं. घरकामाला कायद्याने ठरवलेली मुदत नाही, आणि कोर्ट त्याला परत तुमच्या गाडीत बसवणार नाही. पण केलेल्या कामाचे पैसे बुडत नाहीत, त्यासाठी तो तीन वर्षांपर्यंत दावा लावू शकतो. इथे ते पाच रविवार अडकतात.

१ फेब्रुवारीला सांगा, शेवटचा दिवस २८. महिना पुरा झाला की तुकड्याच्या दिवसांचा वाद राहत नाही, विशेषतः फेब्रुवारीत. रविवारचा दर मात्र ३० ने भागून काढू नका. १८,००० हा सव्वीस कामाच्या दिवसांचा पगार, म्हणून एक रविवार ६९२ रुपयांचा, पाचांचे ३,४६०. त्यात फेब्रुवारीचे १८,००० मिळवले की २१,४६०. त्यातून उचल १२,००० वजा, हाती ९,४६०.

हा आकडा पाहून तो गप्प होईल, कारण सहा वर्षांनंतर घर सोडताना अर्धा पगार हातात. म्हणून सेवेबद्दल वेगळं काही द्यायचंच असेल तर उचलीत जिरवू नका. "उचल माफ केली" हे त्याच्या लक्षात राहत नाही, आठवडाभर आधी सांगून वेगळी दिलेली रक्कम राहते. वर्षाला अर्धा पगार धरला तर ५४,००० होतात, म्हणजे एकूण ६३,४६०. तेवढं झेपत नसेल तर कमी द्या, पण ओळ वेगळीच लिहा.

म्हापशेकर
५४,००० ? कायदा लागत नाही म्हणता आणि वर हिशेब करून दाखवता! उद्या सगळ्या पर्वरीत हाच दर होईल.

चक्रधर
होऊ दे की.

शिवोलीची माई
आमची कामवाली चवथीच्या दोन दिवस आधी उचल घेऊन गावी गेली ती आलीच नाही. गणपतीवरची फळांची माटोळी बांधायला मी एकटी. तिला कोणती नोटीस द्यायची ते सांगा.

जुना कारकून
माई, इथे मालकीण काढते आहे, तुमच्याकडे बाई गेली. तिच्या केलेल्या दिवसांचे पैसे उचलीतून वजा करा, उरलेलं बहुधा विसरायचं.

पर्वरीकर बाय, तुमच्या प्रश्नात सगळ्यात नाजूक गोष्ट खोलीची, आणि तिच्याबद्दल कोणीच बोललं नाही. गोव्यात मुंडकारांचा १९७५ चा कायदा आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, संमतीने घर करून राहणाऱ्याला तो हलवू देत नाही. त्यातून पगारी घरनोकर वगळला आहे, मालकाच्या आवारात किंवा आउटहाउसमध्ये राहणारा. मात्र शब्द "पगारी" हा आहे. तुम्ही सहा वर्षं रोख दिलंत, सही कुठेच नाही. उद्या वाद झाला तर तो पगारी होता हे दाखवणार कशाने? म्हणून शेवटचा पगार तरी बँकेतून द्या आणि पावती घ्या. पाच हजारांवरची पावती असल्याने एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टँप. कागद त्याला वाचता येईल त्या भाषेत असावा, आणि आधी पैसे, मग सही. कोरी सही घेऊन नंतर "काही देणं नाही" लिहिणारे मी पाहिलेत. तो कागद भांडणात उलटतो.

फोंड्याची सून
पण सहा वर्षांच्या माणसाकडून अशी सही घ्यायची म्हणजे अविश्वासच. आमच्या सासऱ्यांनी कधी कागद केला नाही.

चक्रधर
वहिनी, कागद आम्हालाही हवा असतो. त्यात "गाडी, किल्ली, आर सी बुक सुस्थितीत परत मिळालं" एवढी ओळ असली की महिन्याने बंपरचा ओरखडा आमच्या नावावर येत नाही. एक प्रत त्याला द्या.

पर्वरीकर
काल सांगितलं. पंधरा मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, मुलाची परीक्षा एप्रिलात आहे, तोवर खोली राहू द्या, भाडं देतो.

जुना कारकून
भाडं घेऊ नका! घेतलंत की ते भाडेकरू. १५ एप्रिलपर्यंत राहू द्या. नोकर म्हणून खोली दिली होती, नोकरी २८ फेब्रुवारीला संपली, मुलाच्या परीक्षेपुरतं बिनभाड्याने राहू दिलं आहे, हे तारखेसह त्याच कागदात लिहा. केअरटेकर किंवा नोकर कितीही वर्षं राहिला तरी जागेवर हक्क येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये म्हटलंय, आणि ते प्रकरण गोव्यातलंच होतं. तरी दिवाणी दावा चालवणं म्हणजे काय ते इथे कोणाला सांगायला नको. आणि ती खोली रिकामी करायला वीज-पाणी तोडू नका, तक्रार तुमच्यावर येईल.

म्हापशेकर
मी असतो तर २८ लाच खोली मागितली असती. पगार बंद झाल्यावर तो कोण लागतो?

चक्रधर
आणि पोराची परीक्षा?

म्हापशेकर
महिनाभर बाहेर खोली घ्यावी. ते ५४,००० मिळणार आहेत ना?

पर्वरीकर
खोली १५ एप्रिलपर्यंत देतेय, बिनभाड्याने. सेवेच्या रकमेवर घरात अजून ठरत नाही. ह्यांचं म्हणणं ३६,०००, दोन पगार. रविवारचे ३,४६० मात्र आज सकाळीच वेगळे दिले. त्यांनी मोजले आणि म्हणाले, "सहावा रविवार पण होता, बाय, नाताळच्या आदला." वही उघडून पाहिली तर खरंच होता.