'आयरिस'ला मराठीत काय म्हणावं?

मृणाल: रुग्णांसाठीची माहितीपुस्तिका मराठीत करते आहे. एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्यावर काही आठवड्यांत आधी न दिसलेला टीबी वगैरे एकदम वर येतो, त्याला डॉक्टर 'आयरिस' म्हणतात. जुन्या मसुद्यात 'रोगप्रतिकार पुनर्स्थापना दाहक लक्षणसमूह' असं आहे. हे रुग्णाच्या हाती कसं द्यायचं?

विलास: आयरिस म्हणजे डोळ्यातला रंगीत पडदा. त्याला 'परितारिका' हा शब्द आहे की.

मृणाल: नाही विलासकाका, ही नुसती इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत. डोळ्याशी संबंध नाही.

शैला: सरळ 'औषधाची रिअ‍ॅक्शन' लिहा. गोळ्यांनंतरच त्रास होतो ना?

डॉ. अनंत: शैलाताई, गोळ्यांनंतर होतो हे खरं. पण 'रिअ‍ॅक्शन' वाचलं की लोक गोळ्याच सोडतील. माझ्या एका रुग्णाच्या सीडी-४ पेशी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, सुरुवातीला फक्त ३८ होत्या. ना खोकला, ना ताप, छातीचा एक्स-रेही स्वच्छ. तिसऱ्या आठवड्यात ताप चढला आणि मानेत लिंबाएवढी गाठ आली. रक्त तपासलं तर व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं एचआयव्हीचं प्रमाण, झपाट्यानं उतरलेला, पेशी ११० वर. म्हणजे गोळ्या उत्तम लागू पडत होत्या! सुईनं गाठीतला नमुना काढला, त्यात टीबी निघाला. जंतू आधीपासून होतेच, पण त्यांच्याशी लढायला पेशी नव्हत्या, म्हणून सूजही नव्हती. टीबीचे उपचार सुरू केले आणि एचआयव्हीच्या गोळ्या चालूच ठेवल्या. टीबीच्या रिफॅम्पिसिनमुळे एचआयव्हीचं डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध रक्तात कमी पडतं, म्हणून ते तेवढं दिवसातून दोनदा दिलं.

शैला: मग 'छुपा संसर्ग उफाळणे'?

डॉ. अनंत: बरंच जवळ आलात. पण उफाळते ती शरीराची लढाई. शिवाय कधीकधी टीबी आधीच सापडलेला असतो, उपचारांनी रुग्ण सुधारतही असतो आणि एचआयव्हीच्या गोळ्या सुरू झाल्यावर गाठी पुन्हा फुगतात. तिथे 'छुपा' शब्द बसणार नाही.

सविता: मध्येच विचारते. भावाच्या गोळ्यांना महिना झाला. दोन दिवस डोकं भयंकर दुखतंय, उलट्याही होतात. हेच असेल का?

डॉ. अनंत: सविता, त्याला आत्ताच रुग्णालयात न्या, उद्यावर टाकू नका. बुरशीमुळे मेंदूच्या आवरणाला सूज आलेली असू शकते. पाठीतलं पाणी काढून तपासल्याशिवाय कळणार नाही. कवटीत सूज वाढायला जागा नसते, त्यामुळे हे जिवावर बेतू शकतं. हा आजार आधी सापडला तर आम्ही एचआयव्हीच्या गोळ्याच ४ ते ६ आठवडे उशिरा सुरू करतो. पण चालू असलेल्या गोळ्या घरच्या घरी बंद करू नका. सगळी औषधं सोबत न्या.

सविता: निघालो.

मृणाल: 'प्रतिकारशक्ती परतताना उसळणारा दाह' चालेल? दोन्ही प्रकार त्यात येतात.

विलास: अर्थ नेमका आहे. पण 'दाह' वाचून लोकांना पोटातली जळजळ आठवेल. 'सूज' करा.

डॉ. अनंत: आणि तापाचं काय? माझं मत 'दाह'लाच. पुढच्याच ओळीत ताप, गाठी, डोकेदुखी लिहा, आणि 'गोळ्या बंद करू नका, लगेच दाखवा' हे ठळक अक्षरांत.

शैला: मला अजूनही 'उफाळणे' हवं. 'उसळणारा' वाचून रक्तदाब वाटतो.