अनुभव धागा: खिडकीच्या उन्हाने उडालेला रंग, तुम्ही काय केलंत?

धागाकर्ती, राजारामपुरी
हॉलला पश्चिमेची सहा फुटी खिडकी. गणपतीत सोफा हलवला तेव्हा दिसलं, खिडकीकडच्या हाताचं मरून कापड विटकरी झालंय, भिंतीकडची बाजू मात्र नवीकोरी. वर छज्जा आहे, तरी असं. नवीन कापड घालण्याआधी तुमचे अनुभव हवेत.

शाहूपुरीकर
काळी फिल्म लावा, विषय संपला. आमच्याकडे खोली गार झाली. रंगाचं अजून नीट बघितलं नाही.

कुशनवाला
बावीस वर्षं सोफ्याची कामं करतोय. ताई, छज्जा डोक्यावरचं ऊन अडवतो. चारनंतरचं ऊन तिरपं, छज्ज्याखालून थेट आत येतं. आणि काळेपणावर जाऊ नका. रंग उडवणारे अतिनील किरण पारदर्शक दिसणारी चांगली फिल्मही 99 टक्के अडवते, स्वस्त काळी फिल्म अडवेलच असं नाही. घेताना तो आकडा विचारा. पण साध्या उजेडानेही रंग जातो, म्हणून फिल्मने वेग कमी होतो, थांबत नाही.

मी स्वतः करून बघितलं. एकाच मरून थानाच्या तीन पट्ट्या कापल्या, प्रत्येकीचा अर्धा भाग ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळला. एक नुसत्या काचेमागे, दुसरी फिल्ममागे, तिसरी फिल्म आणि अस्तराच्या पडद्यामागे. मार्च ते मे. नुसत्या काचेची पाचव्या आठवड्यातच फिकी दिसली. फिल्मवालीचा फरक मेअखेर फॉइल काढल्यावर कळला. तिसरीत मला फरक सापडला नाही. नवीन कापड घेण्याआधी त्याचा तुकडा असाच लावून बघा.

कळंब्याची सून
आमच्या गच्चीवरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या पांढऱ्या पडून तडकतात, त्यांना फिल्म चालेल का?

कुशनवाला
नाही वहिनी, फिल्म काचेची. खुर्च्या सावलीत घ्या.

निवृत्त शिक्षक
माझ्या सागवानी टेबलावर मॅटखाली फिका चौकोन राहिला. मॅटने रंग खाल्ला असं समजून पॉलिशवाल्याला बोलावणार होतो. सुतार म्हणाला, उलटं आहे, नवा साग उजेडात गडद होतो, झाकलेला भाग तसाच राहिलाय. मॅट काढून ठेवलं, दोनेक महिन्यांत चौकोन बराच मिटला. शेजाऱ्यांचं शिसवी कपाट मात्र उन्हाने फिकटलं ते फिकटलंच.

रंकाळा वेस
आम्ही बाहेरून बांबूचा चिक टांगला. ऊन काचेवर पडायच्या आधीच अडतं, त्यामुळे खोलीही तापत नाही. पण पावसाळ्यात त्याला बुरशी धरते, जूनला काढून ठेवावा लागतो.

धागाकर्ती
बाहेरून चिक आणि आत अस्तराचा पडदा, हे पटतंय. माझी काच दुहेरी आहे. फिल्मवाला म्हणतो बिनधास्त लावा.

कुशनवाला
थांबा. ऊन शोषणाऱ्या फिल्मने दुहेरी काच तापून तडकलेली मी बघितली आहे. काच बसवणाऱ्याकडून लेखी घ्या, मगच.

शाहूपुरीकर
आमची एकेरी आहे. तरी उद्या पडद्यामागचा सोफा बघतो.