मदत हवी आहे: शेणोली रेल्वे प्रकरण, एक नाव आणि एक तारीख पडताळायची आहे

कृष्णाकाठ
साताऱ्याच्या प्रतिसरकारवर माहितीपट करतोय. त्यातला एक भाग शेणोलीचा आहे: ७ जून १९४३ ला तुफान सेनेने पगाराचे पैसे नेणारी रेल्वे अडवली, तो प्रसंग. कुंडलजवळच्या एका आजी कॅमेऱ्यासमोर म्हणाल्या, "वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चुलते घरी आले. अंगणात पिठासारखं चांदणं पडलेलं. 'गाडी मारली', एवढंच बोलले." तेव्हा त्या नऊ-दहा वर्षांच्या होत्या. घरात चुलत्यांच्या पेन्शनच्या अर्जाची प्रत आहे, तिच्यात त्यांचं शपथपत्र आणि दोन सहकाऱ्यांचे दाखले. तिन्हींत शेणोलीचा उल्लेख आहे. एवढ्या आधारावर निवेदनात "ते शेणोलीच्या गाडीवर होते" असं म्हणता येईल का? आणि सरकारी कागद कुठे शोधू?

वाळव्याचा पाटील
तीन-तीन साक्षी असताना अजून काय पाहिजे? बिनधास्त म्हणा. कुंडलचे कागद सांगलीच्या कलेक्टर कचेरीत मिळतील, रेकॉर्ड रूमला अर्ज टाका.

जुनं दप्तर
पाटील, अर्ज टाकायला हरकत नाही, पण १९४३ ला सांगली जिल्हाच नव्हता. दक्षिण सातारा १९४९ ला झाला आणि त्याचं सांगली हे नाव १९६० चं. शिवाय कुंडल तेव्हा औंध संस्थानात होतं आणि शेणोली इंग्रजी मुलखातल्या सातारा जिल्ह्यात, कराड तालुक्यात. माणसं संस्थानातली, गुन्हा इंग्रजी हद्दीतला. म्हणून कुंडल या नावाने शोधलंत तर हाती काही लागणार नाही.

कृष्णाकाठ, मुंबईला राज्य पुराभिलेखागारात जा, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. गृह खात्याच्या 'स्पेशल' शाखेच्या फायलींची सूची मागा आणि सातारा, १९४२ ते ४६ असं बघा. त्यात 'प्रतिसरकार' हा शब्द शोधत बसू नका, इंग्रज अंमलदार दरोडा आणि गुंड असंच लिहीत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मुंबई सरकारचे पाक्षिक अहवाल आहेत, बरेचसे 'अभिलेख पटल'वर घरबसल्या वाचता येतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यावर थांबू नका, दुसराही वाचा. उशिरा कळलेली गोष्ट पुढच्या अहवालात जाते. तिसरी वाट रेल्वेची. पुणे-मिरज मार्ग तेव्हा मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेकडे होता.

आता साक्षींबद्दल. पेन्शनचे दाखले घटनेनंतर तीस-चाळीस वर्षांनी, अर्ज मंजूर व्हावा म्हणून लिहिलेले असतात. भूमिगत राहिलेल्यांकडे तुरुंगाचा कागद नसे, म्हणून सहकाऱ्याचा दाखला लागे. ते खोटे म्हणत नाही. पण तिन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. वाक्यं सारखीच असतील, तर ती एका टायपिस्टसमोर बसून केलेली एकच साक्ष समजा.

माहेरवाशीण
आमच्या आजोबांचा पेन्शनचा अर्ज फेटाळला होता. ती फाईल कुठे मिळेल? आजीचा जीव त्यात अडकलाय.

जुनं दप्तर
ताई, ज्या जिल्ह्यातून अर्ज केला तिथल्या कलेक्टर कचेरीत माहिती अधिकाराखाली नक्कल मागा. वेगळा धागा काढलात तर सविस्तर लिहितो.

ओवी
मी जुन्या बायकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करते. १९४३ ची ज्येष्ठ पौर्णिमा १८ जूनला होती. ७ जूनला ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी-पंचमीची कोर, ती मध्यरात्रीच्या आत मावळते. पहाटे चांदणं असणं शक्यच नाही. आणखी एक बघा. १ सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ सरकारने घड्याळं एक तास पुढे नेली होती. सरकारी कागदातली वेळ आणि गावातली वेळ जुळली नाही, तर आधी हा तास वजा करून बघा.

याचा अर्थ आजी चुकल्या असा काढू नका. चुलते दहा-अकरा दिवस बाहेर लपून मग घरी आले असतील आणि पोरीच्या डोक्यात तेवढी पहाट राहिली असेल. किंवा ती गाडी वेगळीच असेल. पुन्हा जाल तेव्हा ७ जून ही तारीख तोंडातूनही काढू नका. शेतात काय चाललं होतं, पेरणी झाली होती का, चुलते किती दिवस घरी नव्हते, गावात पोलीस कधी आले, असं विचारा.

कृष्णाकाठ
दाखले शेजारी ठेवले. दोन्हींत सलग चार ओळी शब्दाला शब्द सारख्या आहेत आणि 'शेनोली' असंच दोन्हींत टाइप केलंय. चुलत्यांच्या स्वतःच्या शपथपत्राची भाषा वेगळी आहे, त्यात त्यांनी वाटेवर पहारा केल्याचं लिहिलंय, गाडीत चढल्याचं नाही. तूर्त निवेदनात "शेणोलीच्या वेळी वाटेवर पहाऱ्याला होतो, असं त्यांनी शपथेवर लिहून ठेवलं" एवढंच घेतोय. आजींचं चांदणं ठेवणार, पण त्यावर तारीख टाकणार नाही.

मुंबईला पुढच्या आठवड्यात जातोय. फरारींच्या यादीत टोपणनाव असेल, तर खरं नाव कशावरून जोडायचं?

जुनं दप्तर
बापाचं नाव आणि गाव बघा, ते सहसा खरं लिहिलेलं असतं. ते नसेल, तर मलाही अजून खात्रीची वाट सापडलेली नाही.