नवी मुंबईचं विमानतळ नेमकं कुठंय, पत्ता काय लिहायचा?

जुळेसोलापूरकर: नवी मुंबई विमानतळ नवी मुंबईत नाहीच, उलव्यात आहे, जिल्हा रायगड. नवी मुंबई म्हणजे ठाणे जिल्हा. सरळ लोकांना फसवतायत.

बाळीवेस_अण्णा: अर्धंच खरंय हे. महापालिका म्हणाल तर दिघा ते बेलापूर, ठाणे जिल्हा, मान्य. पण सिडकोनं आखलेल्या नवी मुंबईत पनवेल-उरणकडची गावंही आहेत, ती रायगडात. मी सात वर्षं खारघरला काढली, पत्त्यावर नवी मुंबई, जिल्हा रायगड, आणि आता महापालिका पनवेलची. एका नावाच्या दोन हद्दी हायत, त्यात फसवणूक कुठली? लिहिताना जमीन वेगळी आणि कुणासाठी ते वेगळं लिहा: 'उलवे, ता. पनवेल, जि. रायगड, मुंबई महानगरासाठी.'

शेळगीची_माई: तुमच्या हद्दींनी आमच्या भाच्याचं विमान चुकलं की ओ. सोलापूरहून रात्रीच्या बसनं निघाला, कळंबोलीला जाग आली, तिथनं विमानतळ जवळच. पण तिकिटावर मुंबई बघून झोपला परत, उतरला दादरला. तिथनं उलट यायला टॅक्सी, ट्रॅफिक, सगळं गेलं.

बाळीवेस_अण्णा: माई, वाईट वाटलं. शहराचं नाव बघू नका, कोड बघा. `BOM` म्हणजे सांताक्रूझ-अंधेरीकडचं जुनं, `NMI` म्हणजे उलवे.

होटगीरोडवाला: त्यांचं सोडा, आपल्या बोरामणीचं काय? जमिनी घेतल्या, पुढं वनजमीन आणि माळढोक आडवा आला. इकडं होटगी रोडला धावपट्टीसाठी 2023 ला कारखान्याची चिमणी पाडली. आमचा ऊस त्याच कारखान्याला जायचा, त्या दिवशी वडील घरात जेवले नाहीत.

जुळेसोलापूरकर: चिमणी पाडली म्हणूनच आज विमान उतरतंय बे!

होटगीरोडवाला: उतरू दे की, पण बोरामणीला कायमचं कुलूप लावू नका. उद्या तिथं झालं तरी नाव सोलापूरच लागणार आणि गावाचं नाव जमिनी देणाऱ्यांच्या सातबाऱ्यावरच राहणार. म्हणून म्हणतो, पत्त्यात गाव लिहा.

बाळीवेस_अण्णा: हे मात्र पटलं. शिर्डीचं बघा, विमानतळ काकडीत, ता. कोपरगाव. शिर्डी गाव ता. राहाता. जिल्हा एकच म्हणून कुणी बोलत नाही. कालिकतचं तर करीपूरला, जिल्हा मलप्पुरम, आणि शहर कोळिकोड जिल्ह्यात.

जुळेसोलापूरकर: बरं, फसवणूक शब्द मागं घेतो. पण उलवे तरी बरोबर कसं? धावपट्टीच 3,700 मीटर, दहा गावं उठवून बांधलंय, मग एकाच गावाचं नाव का?

बाळीवेस_अण्णा: मुद्दा आहे तुमचा. अधिकृत अक्षांश-रेखांश तळावरच्या एकाच बिंदूचे असतात, तो नकाशात टाकला की तालुका-जिल्हा पक्का कळतो. गाव मात्र नुसतं त्या बिंदूखालचं येतं, बाकी नऊ सुटतात. तालुका-जिल्ह्यावर मी ठाम आहे, गावाचं काय करावं ते मलाही सुचत नाही.

शेळगीची_माई: गावाचं नंतर ठरवा, आधी तिकिटावर मोठ्या अक्षरात 'उलवे, पनवेलजवळ' छापा. भाच्याचे पैसे अजून परत आले नाहीत.